गेटवरची पांढरी टोपी

सूसच्या रस्त्याला साधनाचं हार्डवेअरचं दुकान होतं. नवरा ऋषिकेश हिंजवडीला नोकरीला, सकाळी कंपनीच्या गाडीनं जायचा तो रात्री उगवायचा. त्यामुळे दुकान काय, मागचं पत्र्याच्या कुंपणाचं आवार काय, सगळं तिच्याच डोक्यावर. लातूरहून आलेल्या बाईला या गावात पहिल्यांदा कुणी आपलं म्हटलं असेल, तर ते कुशाबांनी. दुकानाची जागा त्यांच्याच वावरातली. जागा विकली, पण माणूस काही सुटला नाही. रोज रात्री जेवण झालं की आवारात एक फेरी मारायची, गेट ओढून बघायचं आणि घरी जायचं. कुणी सांगितलं नव्हतं. गेटची एक किल्लीच साधनानं त्यांना देऊन टाकली होती.

आणि त्याच साधनानं त्यांना चोर ठरवलं. काय म्हणावं बाईला!

झालं ते असं. डिसेंबरात आवारातून तारेची वेटोळी गेली. दिवाळीत चार कॅमेरे बसवलेले, म्हणून तिनं सकाळी दुकान उघडताच रेकॉर्डिंग लावलं. रात्रीचं चित्र काळंपांढरं, तेही पीठ पसरल्यासारखं. गेटमधून कुणीतरी आलं, खांद्यावर काहीतरी घेतलं आणि गेलं. तोंडाच्या जागी नुसता डाग. पण कपडे पांढरे होते आणि डोक्यावर पांढरी टोपी होती. पांढरा सदरा, पांढरी टोपी हा कुशाबांचा रोजचा वेश, वर त्यांच्याकडे गेटची किल्ली! आता आणखी काय पाहिजे होतं तिला?

दुपारी कुशाबा नेहमीसारखे चहाला आले. दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती. ती जाईपर्यंत तरी थांबायचं! पण साधनाचा राग नाकाच्या शेंड्यावर.

"कुशाबा, आजपासून आवारात येऊ नका."

"का गं पोरी? काय झालं?"

"कॅमेऱ्यात सगळं दिसतं," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं कनवटीची किल्ली काढून गल्ल्यावर ठेवली आणि चहा न घेता निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चावडीजवळ कुणी कुणी साधनाला विचारलंही, "व्हय ओ बाई, तोंड दिसलं का त्याचं?" या प्रश्नानं ती चिडली. दिसलं नव्हतं ना! मग तिनं कॅमेरे बसवणाऱ्या निरंजनला मोबाइलवर मेसेज टाकला:

"रात्रीचं रेकॉर्डिंग नंतर बघताना माणूस ओळखू येत नाही. तोंड नीट दिसेल असं सेटिंग करून द्या. लवकर."

बस, एवढाच. टोपीचं लिहायचं तिच्या मनात आलं होतं. पण परक्या माणसाला कुशाबांचं नाव कशाला कळवा, म्हणून तिनं ते गाळलं. म्हणजे गावासमोर बोलायला लाज वाटली नाही, आणि जिथं बोलायला हवं होतं तिथं बाईला लाज वाटली.

रविवारी निरंजन बाणेरहून आला. शिडी लावून त्यानं कॅमेरा जरा फिरवला. शेजारच्या चुन्याच्या भिंतीवर कॅमेऱ्याचाच न दिसणारा उजेड आपटून परत येत होता, म्हणून माणूस झाकोळत होता. काचेवरचं कोळिष्टक पुसलं. मग आत मशीनसमोर बसून म्हणाला, "ताई, चित्र लहान ठेवलं होतं, ते मोठं करतो. क्वालिटी सगळ्यात वरची. सेकंदाला पंचवीस चित्रं कशाला? आठ पुरे. आणि अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, चालता माणूस फासल्यासारखा दिसतो. ते बंद करतो. चित्र थोडं काळसर येईल, पण तोंड कळेल."

"कळू दे म्हणजे झालं."

"फक्त डिस्क लवकर भरेल. आधी तीन आठवडे राहायचं, आता आठवडाभर. मग जुनं पुसून त्यावरच नवं चढतं. ठेवायचं असलं काही तर आत्ताच काढून देतो."

"काही नको." ते पिठाळ चित्र कशाला ठेवायचं, तिला वाटलं.

"आणि हॅलोजन लावा एक. रंगही दिसतील."

"रंग घेऊन काय करू? तोंड दिसलं की पुरे."

असं म्हणाली, बरं का. स्वतःच्या तोंडानं.

संक्रांत आली. साधनानं नवी काळी साडी नेसली, जॉर्जेटची, ऋषिकेशनं हौसेनं आणलेली. हळदीकुंकवाला जायचं म्हणून अंधार पडल्यावर आवाराचं गेट तिनंच लावलं. सकाळी सवयीनं रेकॉर्डिंग लावलं आणि तिच्या अंगावर काटा आला. गेटपाशी पांढरीशुभ्र साडी नेसलेली बाई! ही कोण आपल्या आवारात? बाई वळली. निरंजननं काम चोख केलं होतं. नाकातली चमकी कळत होती. ती साधनाच होती.

साडी दुकानामागच्या खोलीत दांडीवर वाळत होती. तिनं दारातूनच पाहिली. काळीकुळकुळीत.

तिनं निरंजनला फोन लावला.

"हो ताई, होतं तसं," निरंजन म्हणाला. "कॅमेऱ्याच्या त्या न दिसणाऱ्या उजेडात पुष्कळसं काळं, निळं कापड पांढरं येतं. टेरिकॉट, जॉर्जेट तर हमखास. रात्रीच्या चित्रावरून रंग कधी धरायचा नाही."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही तोंडाचंच लिहिलं होतंत. कपड्यांचं काही विचारलं असतंत तर पहिल्यांदा हेच सांगितलं असतं."

"ते डिसेंबरातलं परत मिळेल?"

"त्याच्यावर दोन-तीनदा नवं चढलं असेल आता. नाही मिळायचं."

साधनानं फोन ठेवला आणि तिच्या एकदम ध्यानात आलं. पलीकडच्या बांधकामावरचे रखवालदार गडद निळ्या टेरिकॉटच्या पोशाखात असायचे, डोक्यावर तसलीच निळी टोपी. आणि कुलूप असलं तरी गेटची कडी बाहेरून हात घालून कुणालाही निघत होती! पण आता त्यांच्यातल्या कुणाचं नाव घ्यायला तिची जीभ धजेना. आणि कुशाबांना निर्दोष दाखवायला हातात काहीच उरलं नव्हतं. होतं ते तिनंच पुसायला लावलं होतं.

ती तशीच उठली. वाटीत तिळगूळ घेतला, किल्ली घेतली आणि गावात गेली. कुशाबा ओट्यावर बसले होते, तीच टोपी डोक्यावर. शेजारची चार माणसं ऐकत होती. साधनानं आवाज खाली केला नाही. सगळं सांगितलं, साडीचं, टोपीचं, मेसेजचं, आणि रडत म्हणाली, "चुकले मी. कॅमेऱ्यानं फसवलं मला."

कुशाबांनी तिळगूळ घेतला. तोंडात टाकला. किल्लीला हात लावला नाही.

"त्याला कशाला बोल लावतीस, पोरी? त्यो मला वळखत न्हाई," ते म्हणाले. "तू तर वळखत व्हतीस."

साधना किल्ली मुठीत धरून परत आली. पुढं तिनं हॅलोजन लावला. आवारात रात्रभर लख्ख उजेड असायचा, सगळे रंग जसेच्या तसे दिसायचे. रोज सकाळी ती रेकॉर्डिंग बघायची. रात्रीच्या जेवणानंतरची ती वेळ आली की चित्र पळवणं थांबवायची आणि गेटकडे बघत बसायची. गेटवर कुणी येत नव्हतं.