गप्प बसण्याचे गुण

हॉलिस व्हँडरमोलनचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. ग्रँड रॅपिड्समधल्या या वैद्यकीय उपकरणांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ती कायम होणार की घरी बसणार, हे एका खेळावर ठरायचं होतं.

कम्प्लायन्सच्या, म्हणजे नियमपालन विभागाच्या, प्रमुख मर्जोरी टीग यांनी चौसष्ट स्लाइड्सचं प्रशिक्षण तिच्या गळ्यात घातलं होतं. गेल्या वर्षी लोकांनी ते आवाज बंद करून, सँडविच खात, 'पुढे' हे बटण दाबत उरकलं होतं. शंभर टक्के लोकांनी पूर्ण केलं, असा अहवाल वर गेला आणि त्याचं कौतुकही झालं. लक्षात काय राहिलं, हे विचारण्याचा असभ्यपणा कोणी केला नाही.

"टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेसारखं कर," मर्जोरी म्हणाल्या. "लोक हसले पाहिजेत, पण फार नाही."

हॉलिसनं फळा आखला. भेटवस्तू, हितसंबंध, गोपनीयता, तक्रार असे चार रकाने; प्रश्न शंभरपासून चारशे गुणांपर्यंत. बरोबर आलं तर तेवढे गुण मिळणार, चुकलं तर तेवढेच कापणार. पास म्हटलं तर शून्य. शिवाय एक सोय: 'कम्प्लायन्सला विचारा'. विचारलं की उत्तर वाचून दाखवायचं आणि प्रश्न बाद.

"फुकट ठेवलंस तर येता-जाता विचारत बसतील," मर्जोरी म्हणाल्या. "दोनशे गुण काप."

हॉलिसला हे खटकलं. पण कंत्राटी माणसाला खटकणं परवडत नाही. तिनं दोनशे लिहिले.

मंगळवारी दुपारी कॅन्टीनमध्ये चाचणी झाली. एकीकडे विक्री विभाग, दुसरीकडे क्रेग डायखाउसचा खरेदी विभाग. क्रेग हा तिथला साहेब आणि प्रत्येक सहलीचा, प्रत्येक बार्बेक्यूचा स्वयंघोषित कप्तान. पुठ्ठ्याचा चषक त्यानं आधीच आपल्या टेबलावर आणून ठेवला होता, चुकून दुसरीकडे जायला नको म्हणून. आश्चर्य म्हणजे लोक खरंच खेळले. विक्रीवाले गोपनीयतेच्या प्रश्नावर आपसात भांडले, तेव्हा मर्जोरींनी समाधानानं वहीत काहीतरी टिपलं. हॉलिसला पगाराची स्लिप दिसू लागली.

शेवटचा प्रश्न उरला, तेव्हा खरेदी विभाग शंभर गुणांनी पुढे होता आणि पाळी त्यांचीच होती. हॉलिसनं वाचलं, "भेटवस्तू, चारशे. एक पुरवठादार तुमच्या साहेबांना सुट्टीत उत्तरेला तळ्याकाठच्या केबिनवर घेऊन जातो. तुम्हाला हे कळलं. काय कराल?"

क्रेगनं जराही वेळ घेतला नाही. "पास."

"अरे, विचार तरी करू दे," शेजारची रेनाटा ओल्शेव्स्की म्हणाली. ती पॅकेजिंगच्या ऑर्डरी बघायची.

"कशाला? चुकलो तर चारशे जातात, विचारलं तर दोनशे. दोन्हीकडे हरतो. गप्प बसलो तर चषक आपला."

रेनाटानं हॉलिसकडे पाहिलं. "म्हणजे माहीत असून गप्प बसणाऱ्याला इथे बक्षीस आहे. नियम कोणी केले गं हे? अगदी ऑफिससारखेच आहेत."

विक्रीवाले हसले. क्रेग सर्वांत मोठ्यानं हसला, आणि सर्वांत आधी थांबलाही.

हॉलिसच्या डोळ्यांपुढे एकेचाळिसावी स्लाइड आली: शंका आली तर विचारा, विचारल्यानं तुमचं नुकसान होणार नाही. आणि तिच्याच फळ्यावर त्या नुकसानीचा आकडा लाल अक्षरांत लिहिलेला होता. मर्जोरी घड्याळ बघत होत्या. "निकाल जाहीर कर आणि आटप," त्यांचा चेहरा सांगत होता. हॉलिसनं हिशोब केला. बोललं तर कंत्राट जाईल, विचारलं तरी जाईल, पास म्हटलं तर नोकरी राहील. क्रेगचंच गणित होतं ते.

"थांबा," ती म्हणाली. "नियम चुकलाय. मला तेव्हाच खटकलं होतं, पण मी विचारलं नाही." तिनं लाल आकडा पुसला. "यापुढे विचारणाऱ्याला निम्मे गुण मिळतील. पास म्हणणाऱ्याचे निम्मे जातील. हा प्रश्न पुन्हा."

"खेळ चालू असताना नियम बदलतात का कुठे?" क्रेग म्हणाला. "मर्जोरी, तुम्ही सांगा ना हिला."

मर्जोरींनी पहिल्यांदाच घड्याळावरची नजर काढून क्रेगवर ठेवली.

"मग मी विचारते," रेनाटा म्हणाली. "पण टीमतर्फे नाही, माझ्यातर्फे. आणि प्रश्न फळ्यावरचा नाही."

"तो इथे नको," हॉलिस पटकन म्हणाली. "माझ्या खोलीत ये. नाहीतर हेल्पलाइनला फोन कर. तिथे नाव नाही सांगितलंस तरी चालतं."

"नाव सांगायला मला काही हरकत नाही," रेनाटा उठत म्हणाली. "इथे तर सगळ्यांनी बघितलंच आहे."

क्रेगनं चषक हळूच टेबलाच्या मध्यभागी सरकवला, जणू तो कोणाचाच नव्हता.

शुक्रवारी मर्जोरींचा अहवाल वर गेला: सहभाग शंभर टक्के, अभिप्राय उत्साहवर्धक, गुणपद्धतीत प्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली सुधारणा. हॉलिसला कायम केलं नव्हतं. पॅकेजिंगच्या पुरवठादाराची चौकशी संपेपर्यंत कंत्राट वाढवलं होतं. आणि अशा चौकशा, मर्जोरी म्हणाल्या, निवृत्तीपर्यंतसुद्धा पुरतात.