पर्थमध्ये रात्रीचे दहा

सोमवारी संध्याकाळी साडेसहा वाजता अबोली देवरस ऑनलाइन बैठकीत शिरली. बैठकीत दुसरं कोणीच नव्हतं.

पाच मिनिटं तिने वाट पाहिली. मग रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या कंपनीच्या भाड्याच्या ऑफिसात बसल्या बसल्या तिने कॅलेंडर उघडलं. बैठकीसमोर लिहिलं होतं, साडेसात.

बैठक रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड बनवणाऱ्या, कारखान्याच्या भट्टीबद्दल होती. भट्टी दुरुस्तीसाठी थंड होती आणि आज रात्री पेटणार होती. त्याआधी तिचं तापमान सांभाळणारा नवा कंट्रोलर चालू करायचा होता. एकदा पेटली की पुढच्या बंदपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, त्याला हात लावता येत नाही. जुन्या कंट्रोलरने मार्चमध्ये तापमान चुकीचं दाखवलं होतं आणि श्रेयस पांढरीपांडेचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. तोच श्रेयस आज तिथे लॅपटॉप घेऊन बसला होता.

कंट्रोलरच्या प्रोग्रॅमला कंपनीच्या तिघांची मंजुरी लागायची: जर्मनीत ड्यूसबुर्गला इन्ग्रिड, कॅनडात हॅमिल्टनला डेव्ह, ऑस्ट्रेलियात पर्थला कॉलिन. तिघं एकाच वेळी बैठकीत असतील तरच ती मंजुरी धरायची, हा कंपनीचा नियम होता. पूर्वी एकदा तिघांनी वेगवेगळ्या वेळी होकार दिला आणि नंतर कळलं की तिघांनी प्रोग्रॅमच्या तीन वेगळ्या आवृत्त्या पाहिल्या होत्या.

सगळ्यांना जमेल अशी वेळ अबोलीनेच जुलैत शोधली होती. रायपूरला साडेसहा, ड्यूसबुर्गला दुपारचे तीन, हॅमिल्टनला सकाळचे नऊ, पर्थला रात्रीचे नऊ. इन्ग्रिड चारनंतर थांबत नाही, डेव्ह मुलांना शाळेत सोडून नऊच्या आत पोचत नाही, कॉलिन दहाला झोपतो. दुसरी फट नव्हतीच.

युरोपातली घड्याळं काल एक तास मागे गेली हे तिला माहीत होतं. कॅनडातली पुढच्या रविवारी जाणार, हेही. "आपलं घड्याळ हलत नाही, त्यामुळे आपली बैठकही हलणार नाही," असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण जुलैत ती प्रशिक्षणासाठी ड्यूसबुर्गला होती आणि दर सोमवारची ही बैठक तिने तिथूनच लावली होती, जर्मनीच्या वेळेवर. तीन म्हणजे ड्यूसबुर्गचे तीन. ते हलले नाहीत, बाकीचे सगळे एक तास पुढे सरकले. आणि अबोली कॅलेंडरकडे न बघता मोबाईलच्या गजरावर बसत आली होती.

तिने श्रेयसला फोन लावला.

"काय झालं दीदी? मी कवाचा बसून राहिलो."

"बैठक साडेसातला आहे. माझी चूक. मी ती जर्मनीच्या वेळेवर लावली होती."

"अन् कॉलिन? त्याचे तर दहा वाजतील."

"हो. नीलकंठकाकांना दे."

भट्टीचे प्रमुख नीलकंठ शेंबेकर फोनवर आले. "बोल पोट्टी. जगाची घड्याळं तू सांभाळतेस म्हणे."

"काका, आठला पेटवायची ना? थोडं थांबाल?"

"काहून? बर्नरवाली माणसं दहाला सुटतात. साडेआठ. त्याच्यापुढं मले जमत नाही."

कंट्रोलर चढवायला पाऊण तास लागायचा. म्हणजे पावणेआठच्या आत तिघांचा होकार हवा.

आत्ताच येता येईल का, असं तिने तिघांनाही विचारलं. डेव्ह म्हणाला, आत्ता म्हणशील तर आत्ता. कॉलिनही जागा होता. पण ड्यूसबुर्गला आता दुपारचे दोन वाजून गेले होते आणि इन्ग्रिड ग्राहकाच्या कारखान्यात होती, फोन बाहेर लॉकरमध्ये. तिच्या सहकाऱ्याने कळवलं की ती तीनला येईल, त्याआधी शक्य नाही.

कॉलिनला पहाटे खाणीवर जाणारं विमान पकडायचं होतं. त्याने लिहिलं, "मी आता झोपतो. फोन उशाशी ठेवतोय. उठलो तर येईन."

साडेसातला डेव्ह आला. एक मिनिटानंतर इन्ग्रिड आली, डोक्यावर अजून हेल्मेट होतं. आवृत्ती तिघांसमोर उघडायची होती, दोघांसमोर उघडली.

सात पस्तीसला अबोलीने कॉलिनला फोन केला. पूर्ण वाजला, कोणी उचलला नाही. पुन्हा केला.

"दीदी," दुसऱ्या फोनवर श्रेयस हलक्या आवाजात म्हणाला, "काका विचारून राहिले. जुन्यावरच पेटवू का म्हणतात."

"पावणेआठपर्यंत थांबा म्हणावं."

"हव. मी सांगतो. तुम्ही लावत राहा."

सात चाळीसला तिसऱ्यांदा लावलेला फोन मध्येच बंद झाला. कापला गेला की कोणी कापला, हे कळायला मार्ग नव्हता.

सात त्रेचाळीसला पडद्यावर, डेव्ह आणि इन्ग्रिडच्या खाली, कॉलिनचं नाव उमटलं. त्याच्या चौकोनात चित्र नव्हतं, आवाज नव्हता. नावाखाली लिहिलं होतं, 'जोडले जात आहे'.