आर्गॉनचा प्रश्न

सोमवारी सकाळी पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खाऊन मुली निकालाच्या यादीपुढे जमल्या. गुंटूरच्या त्या निवासी कॉलेजात रविवारच्या परीक्षेतल्या पहिल्या चाळीस मुली वरच्या तुकडीत बसत, बाकीच्या खाली. तुकडी बदलली की गादी उचलून खोलीही बदलायची. नीलवेणीचं नाव त्रेचाळिसावं होतं. चाळिसावी होती स्रवंती, तिच्याच खोलीतली.

नीलवेणीच्या डोक्यात तिडीक गेली. एकाच प्रश्नाने तिचा घात केला होता. बंद पोलादी भांड्यात नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया समतोलात आहेत. तापमान आणि आकारमान तेच ठेवून आत आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडला, तर समतोल कुठे सरकेल? तिने लिहिलं होतं, कुठेच नाही. उत्तरसूची म्हणत होती, अमोनियाकडे. चार गुण गेले, वर एक कापला गेला.

चूक रसायनशास्त्राच्या कोटेश्वररावांची होती. बावीस वर्षं ते एकच मंत्र घोकून घेत होते: दाब वाढला की समतोल कमी मोलांच्या, म्हणजे कमी रेणूंच्या बाजूकडे. वरच्या तुकडीने तो डोळे झाकून वापरला आणि उत्तर चुकवूनही चार-चार गुण खिशात घातले. हरकत घ्यायची तर साऱ्या तुकडीसमोर फळ्यापाशी उभं राहून घ्यायची, असा तिथला रिवाज होता. त्यामुळे सहसा कुणी त्या वाटेला जात नसे.

स्रवंतीने तिला जिन्यात गाठलं.

"तू वर आलीस की मी खाली जाणार, हे कळतंय ना तुला?"

"मग काय चुकीचं उत्तर बरोबर म्हणू?"

"गप्प बस एवढंच म्हणतेय. पुढच्या रविवारी येशील की वर."

नीलवेणी तिला बाजूला सारून वर्गात गेली.

कोटेश्वररावांनी तिला फळ्यापाशी उभं केलं आणि सोलायलाच घेतलं. खालच्या तुकडीच्या बाईसाहेब आता आम्हाला शिकवणार, म्हणाले. पुढच्या बाकांवर हशा पिकला. त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. तापमान वाढवलं तर? अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून समतोल मागे सरकेल आणि स्थिरांकही घटेल, ती म्हणाली. उत्प्रेरक घातला तर? समतोल लवकर येईल, जागा तीच. नायट्रोजन वाढवला तर? पुढे सरकेल, पण स्थिरांक तोच.

"आणि दाब वाढवला तर?"

"कशाने वाढवला, सर?"

तिने फळ्यावर स्थिरांक मांडला: वर अमोनियाच्या संहतीचा वर्ग, खाली नायट्रोजनची संहती गुणिले हायड्रोजनच्या संहतीचा घन. दट्ट्या दाबून आकारमान निम्मं केलं तर प्रत्येक संहती दुप्पट होते. वरचा आकडा चौपट, खालचा सोळापट. गुणोत्तर स्थिरांकाच्या पाव होतं, आणि ते भरून काढायला समतोल अमोनियाकडे सरकतो. तिथे सरांचा मंत्र बरोबर. आर्गॉनने मात्र एकूण दाब वाढला तरी भांडं तेवढंच राहिलं. तिघांपैकी एकाचीही संहती हलली नाही.

"यात आर्गॉन कुठे आहे ते दाखवा, सर," ती म्हणाली आणि खडू त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी खडू घेतला नाही. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते म्हणाले, उत्तर बदला. लगेच त्यांनी सगळ्यांचे गुण पुन्हा मांडले. मंत्र वापरणाऱ्या सगळ्यांचे पाच-पाच गेले, नीलवेणीला पाच मिळाले. ती सत्ताविसावी आली. मग त्यांनी लाल पेन तिच्या हातात कोंबलं.

"एवढी हौस आहे ना? आता एकेचाळिसावं नाव तूच खोड."

नीलवेणीने स्रवंतीचं नाव खोडलं. तिला बरं वाटत होतं. जिंकल्याचा माज चढला होता तिला.

दुपारी ती खोलीत आली तेव्हा स्रवंती गादी गुंडाळत होती. आवकायाची, कैरीच्या तिखट लोणच्याची, बरणी तिने आधीच पिशवीत भरली होती. नीलवेणी दारातूनच म्हणाली, राग माझ्यावर काढू नकोस, चूक सरांची होती.

"सरांची होतीच," स्रवंती दोरी आवळत म्हणाली. "पण शुक्रवारी अभ्यासाच्या तासाला मी तुला हेच विचारलं होतं. निष्क्रिय वायू घातला तर काय होतं म्हणून. तू काय म्हणालीस?"

नीलवेणीला आठवलं. समोर वही उघडी होती, उत्तर ठाऊक होतं. तिने वही मिटली होती आणि म्हणाली होती, सरांचा मंत्र लाव की, पुरे तेवढा.

स्रवंतीने गादी डोक्यावर घेतली. नीलवेणी दारातच उभी होती. लाजेने तिला वर बघवेना.

"सरक," स्रवंती म्हणाली. "जाऊ दे मला."