काचेवरचा रुमाल

मेंढी पुढून कुठली आणि मागून कुठली हे इंद्रजितला सांगता येणार नाही, पण मेंढपाळांसाठी ॲप मात्र त्यानेच काढलं. मेंढपाळ संघाच्या विठ्ठलरावांनी सही केली तर चाळीस गावांतले कळप त्या ॲपवर येणार होते, नाहीतर कंपनीला टाळं. त्यांच्यासमोर माणच्या चौकात वीस फुटी फलक उघडायचा होता.

फलकावर कोळवणचे धुळामामा. कळपात उभे, फोनची काच कॅमेऱ्याकडे केलेली. फोनची काच काळीच, कारण रेंज नसल्याने ॲप तिथे उघडलंच नव्हतं. आता ते फोटोत तरी उघडावं म्हणून इंद्रजित माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आला.

"चिकटवायचं तर आहे वैभवी, शाळकरी पोरंही करतात. फक्त काचेवरची चमक जशीच्या तशी पाहिजे. एकही प्रतिबिंब पुसायचं नाही, नाहीतर खोटं वाटतं."

शाळकरी पोरं म्हणे! ॲपचं चित्र फोनच्या चार कोपऱ्यांत तिरपं बसवलं. त्यावर मूळ काळ्या काचेचा थर ठेवून 'स्क्रीन' मोड लावला. त्यात काळं नाहीसं होतं आणि उजेडाचं तेवढं उरतं. आभाळाची झाक उरली, उन्हाची तिरीप उरली. आणि मोठं करून पाहिलं तर कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला इंद्रजितही उरला होता, नाकाला पांढराशुभ्र रुमाल लावून. चेहरा अंधुक, पण रुमाल लख्ख.

मला हसू आलं. "एकदा मोठं करून बघा," एवढंच मी कळवलं. त्याने मोबाइलवर बोटभर चित्र पाहिलं आणि अंगठा पाठवला. मी पुन्हा सांगितलं नाही. खरं सांगते, राग होता. म्हटलं, होऊ दे फजिती.

फलक उघडला. विठ्ठलराव जवळ गेले आणि मान वर करून बराच वेळ फोनकडे पाहत राहिले.

"नाक कोण धरून उभं हाय?"

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी इंद्रजितचं नाव घेतलं आणि हशा पिकला.

"माझा बाप मेंढरातच मेला," विठ्ठलराव म्हणाले. सही न करताच ते गाडीत बसले.

इंद्रजित माझ्यावर धावून आला. "तुला दिसलं नाही? काम केलंस की झोपा काढल्यास?"

मी त्याने पाठवलेला अंगठा मोबाइलवर उघडून त्याच्या तोंडासमोर धरला. मला असं बरं वाटलं म्हणून सांगू! वळले, तर मागे धुळामामा उभे, शेजारी नवं लुगडं नेसलेल्या त्यांच्या पत्नी बानूबाई. त्या अजून फलकावरच्या रुमालाकडेच बघत होत्या.

"पोरी, तुला आदीच दिसलं हुतं व्हय?"

"हो, मामा. पण मी त्याला..."

"त्येचं ऱ्हाऊ दे. मला सांगायचं हुतंस," धुळामामा म्हणाले. "हिला घेऊन आलो नसतो."