दोन अल्बम, एकच मुहूर्त

रोहिदासच्या पोटात दुखायला लागलं ते एका फोनपासून. खोपोलीच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नाची तारीख सांगितली, दर विचारला आणि शेवटी म्हणाल्या, "तुमी नाय आलात तरी चालंल, पण त्या सुरेखाताईंना पाठवा."

खालापुरात तहसील कचेरीसमोर रोहिदासचा फोटो स्टुडिओ. वीस वर्षं त्याने नाव कमावलं होतं. सुरेखा सहा वर्षांपूर्वी कामाला आली तेव्हा नुसता दिवा धरून उभी राहायची. कॅमेरा तिच्या हातात त्यानेच दिला, आणि आता त्याच गोष्टीचा त्याला पस्तावा होत होता. एका दिवशी दोन लग्नं आली की दुसरीकडे ती जायची. हळदीच्या खोलीत बायका तिच्यासमोर मोकळेपणी हसायच्या, रडायच्या. रोहिदास आत आला की त्याच बायका पदर सावरून ओळीने उभ्या. यात सुरेखाचा दोष काय, ते त्याला सांगता आलं नसतं, पण राग तिचाच यायचा. अल्बमच्या शेवटी फक्त त्याचं नाव छापलेलं असे, आणि ते तसंच राहणार होतं.

यंदा मात्र त्याला एक मोठं काम हवं होतं. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत हंगाम; पुढचे चार महिने दाखल्यांसाठी आलेल्या लोकांचे पासपोर्ट फोटो काढायचे आणि आभाळाकडे बघायचं. कळंबच्या नव्या रिसॉर्टमध्ये लग्नं होतीच, वर पावसाळ्यात कंपन्यांचे कार्यक्रमही होते. रिसॉर्टला वर्षभरासाठी एकच स्टुडिओ ठरवायचा होता. ते काम मिळालं तर पावसाळ्याची धास्तीच संपणार होती.

नमुन्याला त्याने दोन अल्बम निवडले. एक स्वतःचा, कर्जतच्या लग्नाचा. दुसरा खोपोलीच्या त्या बाईंकडच्या लग्नाचा, सुरेखाने काढलेला. तो मनातून नकोसा होता, पण स्टुडिओत त्याच्यापेक्षा चांगला अल्बम नव्हता, आणि हे कळत असल्यामुळे तो आणखीच जळत होता. अल्बमांचं ओझं उचलायला म्हणून सुरेखालाही सोबत घेतलं.

रिसॉर्टचा व्यवस्थापक राजेश सावकाश पानं उलटत होता. खोपोलीच्या अल्बममध्ये एका फोटोवर तो थांबला. नवरीचे वडील मंडपाच्या मागे खुर्चीवर एकटेच बसून बुटाची नाडी बांधत होते, आणि नाडी काही बांधली जात नव्हती.

"हा कोणी काढला?"

"दोन्ही अल्बम माझ्याच हातचे," रोहिदास म्हणाला. बाजूला सुरेखा उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

राजेशने दोन्ही अल्बम पुन्हा पहिल्या पानावर उघडून शेजारी ठेवले. पहिल्या पानावर लग्नपत्रिकेचा फोटो घालायची रोहिदासची जुनी पद्धत, आणि तिचा त्याला अभिमान होता. आयुष्यभर मुहूर्तांच्या मागे धावलेल्या या माणसाने ती पानं निघण्यापूर्वी एकदा वाचायला हवी होती.

"रोहिदासभाऊ," राजेश शांतपणे म्हणाला, "तारीख अकरा मे, मुहूर्त बारा चोवीस. ही कर्जतची पत्रिका. आणि ही खोपोलीची. तीच तारीख, तोच मुहूर्त. तुम्ही दोन्हीकडे कसे होतात?"

रोहिदास पत्रिकांवरची तारीख पुन्हा वाचू लागला. राजेशने सुरेखाकडे बघितलं. "ताई, यातला तुमचा कुठला?"

"दादांना विचारा," ती म्हणाली. सांगायचं काम तिने त्याच्यावरच ठेवलं.

"खोपोलीचा," रोहिदास म्हणाला. "तिचा हाय तो."

"मग हे आधी सांगायचंत. माझ्याकडे लग्नं लागतात त्या हिरवळी दोन आहेत. एका मुहूर्तावर दोन लग्नं येतात. एकटा माणूस कितीही नावाजलेला असला तरी मला त्याचा उपयोग नाही. मला दोघं जण हवेत. वर्षभराचं काम तुमच्या स्टुडिओला देतो." तो क्षणभर थांबला. "पहिल्या लग्नाला मोठ्या हिरवळीवर ताई असतील, लहान हिरवळीवर तुम्ही. पटतंय का बघा."

पटत नव्हतं. आतून नुसता जळफळाट चालला होता. तरी रोहिदासने मान हलवली.

परतताना वाटेत चौक गाव लागलं. चहाच्या टपरीवर थांबल्यावर तोच म्हणाला, "मोठा कॅमेरा तू घेऊन जा त्या दिवशी."

"बरं. आन् दादा, अल्बमच्या शेवटी..."

"घालू तुझं नाव." त्याने चहाचा घोट घेतला. मग राहवलं नाही. "पन माझ्या नावाखाली. जरा बारीक अक्षरात."

सुरेखाने कप खाली ठेवला. "दादा, अकरा मेला मुहूर्त दोघांचा एकच हुता. माझा काय बारीक नव्हता."

रोहिदासने उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "सारख्या अक्षरात घाल."