टॉनिकच्या कुंड्या

सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची एक सवय होती. प्रयोग मुलांनी आपल्या मनाने मांडायचा, चुकला तर चुकू द्यायचा, आणि चूक कुठे झाली ते शेवटी मुलांच्याच तोंडून काढून घ्यायचं. मधे त्या बोलत नसत. मुख्याध्यापकांना हा वेळेचा अपव्यय वाटे, पण निकाल चांगला लागत असल्यामुळे ते गप्प बसत.

रोपांच्या वाढीचा धडा आला तेव्हा प्रयोगाची कल्पना वकिलीणबाईंकडून आली. वकिलीण म्हणजे दुसऱ्या बाकावरची मुलगी. कुणाशीही, कशावरूनही वाद घालायची, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलं होतं. तिच्या वडिलांची रोपवाटिका होती. पालापाचोळा आणि शेण कुजवून ते एक काळपट पाणी करत आणि ‘वाढीचं टॉनिक’ म्हणून बाटल्यांतून विकत.

"आमच्या टॉनिकने रोपं दुप्पट वाढतात. बघायचंय?" वकिलीण म्हणाली.

वर्गाला बघायचं होतं. टॉनिकच्या कुंड्या तिने घरून आणल्या, त्यात वडिलांनीच माती भरून दिली होती. बिनटॉनिकच्या कुंड्यांत मुलांनी मैदानाच्या कडेची माती खणून भरली. दोन्हीकडे एकाच पुडीतलं घेवड्याचं बी पेरलं. पाणी घालायला पाळ्या लावल्या. वकिलीण मात्र आपल्या कुंड्यांना सगळ्यांसारखं पाणी घालून वर आणखी एक पेला टॉनिकचं पाणी घाली, आणि सुट्टीच्या दिवशीही शिपाईकाकांच्या मागे लागून वर्ग उघडायला लावी. बाईंनी हे सगळं पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत.

टॉनिकची रोपं तरारून वर आली. मैदानातली माती उन्हाने दगडासारखी झाली होती. तिच्यातलं निम्मं बी उगवलंच नाही आणि जी उगवली ती रोपं आजारी माणसासारखी दिसत होती. वकिलीणचे पाय जमिनीवर नव्हते.

त्याच आठवड्यात रोपवाटिकेच्या फाटकावर नवा बोर्ड लागला: ‘शाळेच्या प्रयोगात सिद्ध झालेलं टॉनिक.’

बाईंनी घरी जाताना तो वाचला आणि सायकलवरून उतरल्या. चूक शेवटी काढायची होती, पण शेवट यायच्या आतच ती रस्त्यावर येऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्हीकडच्या कुंड्या टेबलावर ठेवल्या.

"ही रोपं का वाढली?"

"टॉनिकमुळे!" सगळा वर्ग एका सुरात.

"ह्या कुंड्यांत आणि त्या कुंड्यांत टॉनिकशिवाय दुसरा काही फरक नाही?"

मुलं वाकून कुंड्यांकडे बघू लागली. मग मागच्या बाकावरची एक उंच मुलगी म्हणाली, "माती वेगळी आहे."

"आणि तिने पाणी जास्त घातलंय," कुणीतरी पुस्ती जोडली. "सुट्टीतसुद्धा."

"मग वाढ कशामुळे झाली? टॉनिकमुळे, मातीमुळे, की पाण्यामुळे?"

कुणालाच सांगता येईना. बाईंनी फळ्यावर लिहिलं: ‘ज्याचा परिणाम बघायचा, तेवढंच बदला. बाकी सगळं सारखं ठेवा.’ वकिलीणने ते वाचलं. एरवी तिने हात वर केला असता. त्या दिवशी तिने मान खाली घातली.

घरी तिने वडिलांना सांगितलं, "बाबा, बोर्ड काढा. ते सिद्ध झालेलं नाही."

तिचे बाबा त्याच संध्याकाळी शाळेत आले. हाताला माती तशीच होती.

"माझ्या पोरीच्या हातून माझंच नाक कापताय का?"

"नाक कापायचं नाही कुणाचं. प्रयोगच बरोबर नव्हता," बाई म्हणाल्या.

"मग तो मांडला तेव्हाच का नाही सांगितलंत? तुम्ही तर बघत होतात!"

 बाई म्हणाल्या, "सांगायला हवं होतं. चूक मुलांना सापडावी म्हणून थांबले. बोर्ड लागेल हे माझ्या डोक्यात आलं नाही."

ते जरा नरमले. आपल्या टॉनिकवर त्यांचा पुरता भरवसा होता, म्हणून म्हणाले, "पुन्हा करा. माझ्यासमोर करा. होऊन जाऊ दे दूध का दूध."

या वेळी वकिलीणने कुणालाच मोकळं सोडलं नाही. कुंड्या एका मापाच्या. रोपवाटिकेची माती एका ढिगात कालवून सगळीकडे तीच. प्रत्येक बाजूला पाच-पाच कुंड्या, कारण एखादं बीच मुळात मरतुकडं निघू शकतं. सगळ्यांना एकेकच पेला पाणी, फक्त अर्ध्या कुंड्यांच्या पेल्यात टॉनिक मिसळलेलं. सगळ्या एकाच खिडकीत, आणि रोज जागांची अदलाबदल, म्हणजे काठावरच्यांना जास्त ऊन मिळायला नको. कुंड्यांवर फक्त आकडे घातले. उंची मोजणाऱ्या मुलांना कुठल्या आकड्याला टॉनिक आहे ते सांगितलं नाही.

वडील अधूनमधून बघायला येत. एकदा त्यांनी सवयीने एका कुंडीतली माती बोटाने उकरली.

"बाबा, हात लावू नका."

"अगं, जरा भुसभुशीत करतोय."

"मग सगळ्याच करा. नाहीतर एकही नको."

त्यांनी हात मागे घेतला. मुलांनी हसू दाबलं.

शेवटच्या दिवशी मोजमापं फळ्यावर आली. दोन्हीकडची रोपं हिरवीगार होती आणि सरासरी उंचीत फरक म्हणावा असा फरक नव्हता. टॉनिकच्या कुंड्यांतलंच एक रोप सगळ्यांत बुटकं होतं, आणि दुसरं सगळ्यांत उंच.

वडिलांनी फळ्यावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. "म्हणजे मी लोकांना पाणी विकतोय?"

बाई बोलणार होत्या, पण वकिलीण उभी राहिली. "तसं नाही म्हणता येत, बाबा. आपल्या मातीत आधीच खत असतं, आणि घेवड्याच्या बियांतही सुरुवातीचं अन्न असतं. या मातीत, या बियांना, एवढ्या दिवसांत टॉनिकने फरक पडलेला दिसला नाही. एवढंच."

"मग मैदानातल्या मातीत?"

"ते बघावं लागेल. तेव्हा सगळ्याच कुंड्यांत मैदानातली माती घ्यायची."

बोर्ड त्यांनी दुसऱ्या दिवशी उतरवला, पण मुलीशी ते काही दिवस कामापुरतंच बोलले. आई मधे पडली नाही. "तुम्ही दोघं एकाच मातीची," एवढंच ती म्हणाली.

मग एका रविवारी वडिलांनी स्वतःच मैदानातल्या मातीची दोन पोती आणली आणि तोच प्रयोग पुन्हा मांडला. या खेपेला टॉनिकची रोपं खरोखरच थोडी सरस निघाली. पाठोपाठ त्यांनी काही कुंड्यांत, टॉनिक न घालता, मातीत साधं शेणखत मिसळलं, आणि ती रोपं टॉनिकवाल्यांच्याही पुढे गेली. त्यामुळे निस्तेज झाडाची तक्रार घेऊन कुणी आलं की ते आधी विचारू लागले, "कुंडीतली माती शेवटची कधी बदलली होती?" बाटल्या पूर्वीइतक्या खपेनात. ते कुरकुरत, पण विचारणं सोडत नसत.

बाईंशी त्यांचं फारसं जमलं नाही. रस्त्यात भेटले तर मान हलवत, एवढंच.

पुढच्या वर्षी सातवीची नवी तुकडी आली. मुलं प्रयोग मांडत होती, एका बाजूच्या कुंड्या मोठ्या आणि दुसरीकडच्या लहान. बाई नेहमीप्रमाणे मागे उभ्या होत्या. थोडा वेळ थांबून त्या पुढे आल्या.

"प्रयोग तुमचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण याचा निकाल लागला की तो तुम्ही घरी कुणाकुणाला सांगणार आहात, ते आधी मला सांगा."