बारा साड्या आणि तीन खुणा

व्हिडिओ चालला तर नागेंद्रला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. मागनं गल्लीत त्यावर बरंच काहीबाही बोललं गेलं. एक तर मान मिळणार होता. उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या गेटावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना बारा वर्षं सलाम ठोकणाऱ्या माणसाला तो हवाच असतो. दुसरं, कडोलीच्या साहित्य संमेलनात कुणीतरी बोलायला बोलावील अशी आशा होती. ती तो तोंडानं सांगत नसे, जाकीट मात्र शिवून ठेवलं होतं. आणि तिसरं, खरं कारण म्हणजे थोरल्या बहिणीचा, बाळाबाईचा हातमाग चालू राहणार होता.

वडगावच्या त्या गल्लीत सगळे यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात बाळाबाईचा एकटीचा हातमाग कानाला ऐकूच यायचा नाही, जमिनीवर पाय ठेवला तर जाणवायचा. शहापूरचा व्यापारी तिच्या साडीला यंत्रमागाचाच भाव लावायचा. "गिऱ्हाइकाला फरक कळत न्हाय आक्का, मी काय करू?" म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. शेवटी चार महिन्यांत विणलेल्या बारा साड्या तिनं लोखंडी पेटीत ठेवल्या आणि भावाला सांगितलं, "ह्या बारा योग्य मोलानं गेल्या तर फुडचा ताणा घालीन. न्हाय गेल्या तर माग उचलीन."

मग गिऱ्हाइकाला फरक कळवायचं काम नागेंद्रनं अंगावर घेतलं. स्वतः वीस वर्षं माग चालवलेला माणूस, विषयाची कमी नव्हती. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून तो बोलला तो एक्केचाळीस मिनिटं बोलला. व्हिडिओ तीनशे सहा जणांनी उघडला. सरासरी माणूस किती वेळ थांबला, तर एक मिनिट पन्नास सेकंद. तेवढ्या वेळात नागेंद्र बोलण्यात निपाणीच्या स्टँडवर उतरून चहाच्या गाड्यापर्यंत पोचला होता. साडीचा अजून पत्ता नव्हता.

"आप्पा, तुमचा आलेख बघितला काय?" त्याच्या मुलीनं, ऋतिकानं, फोन पुढं धरला. ती टिळकवाडीतल्या एका ऑफिसात शिकवणीवाल्यांचे व्हिडिओ लिहून द्यायची. "कड्यावरनं उडी टाकल्यागत रेघ खाली गेली या."

"लोकांस्नी दम न्हाय."

"लोकांस्नी दम हाय. तुम्ही कुठं नेताय ते म्हाईत न्हाय. कंडक्टर बोर्ड न लावता गाडी सोडतोय, कोण बसंल?"

आईतवारी तिनं अख्खं बोलणं कागदावर उतरवून छापून आणलं आणि कात्री घेऊन बसली. एकेक परिच्छेद कापायचा, समासात लिहायचं की हा तुकडा बघणाऱ्याच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि त्या त्या प्रश्नाच्या ढिगावर ठेवायचा. ज्या तुकड्याला प्रश्नच सापडत नाही तो पाटाखाली. दुपारपर्यंत पाटाखालचा ढीग सगळ्यांत उंच झाला. त्यात नागेंद्रचं लग्न होतं, बंद पडलेली सोसायटी होती आणि एका कुत्र्याची हकिकत होती. ती मात्र चांगली होती.

तेहतिसाव्या मिनिटाला तिला सोनं सापडलं. निपाणीच्या एका दुकानात नागेंद्रला, म्हणजे जातिवंत विणकराला, यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकली गेली होती. लाजेखातर त्यानं ती गोष्ट पार शेवटी, पुटपुटत सांगितली होती.

"हे पयलं येणार," ऋतिका म्हणाली.

"अगं, माझीच फजिती?"

"तुम्ही फसलाय म्हटल्यावर बघणारा म्हणंल, मग माझं काय. तितंच त्याला वचन द्यायचं." आणि तिनं लिहिलं: 'या व्हिडिओच्या शेवटी, दुकानात उभ्या उभ्या, फक्त तीन खुणांवरून हातमागाची साडी तुम्ही स्वतः ओळखाल.' "आता ह्या वाक्याचं जे काम करंल ते ऱ्हाईल. बाकी भाईर."

वचनाखाली मग प्रकरणं लागली. पहिली खूण, साडीची उलटी बाजू: हातमागाची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखी दिसते, यंत्रमागाच्या नक्षीमागं कापलेल्या धाग्यांची दाढी असते. दुसरी खूण, साडी उजेडात धरणं: हाताचा ठोका कमीजास्त पडतो, विणीत तो दिसतो. तिसरी खूण, काठ: साडीची रुंदी ताणून धरायला विणकर जी आडवी काठी लावतो तिच्या दोन्ही टोकांना टाचण्या असतात, त्यांची बारीक भोकं काठाच्या कडेनं जोडीजोडीनं उमटतात.

नुसती एकाखाली एक रचली तर यादी होते, हे ऋतिकाला पक्कं ठाऊक. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तिनं एक अडचण उभी केली, पुढचं प्रकरण उघडायला लावणारी. 'उलटी बाजू बघितली. पण साडीवर नक्षीच नसेल तर? मग ती उजेडात धरा.' आणि पुढं: 'विणीचा ठोका दिसला. पण खळ भरपूर लावली तर तोही झाकला जातो. मग खळीनं झाकता न येणारं काय उरतं? काठ.' व्हिडिओखालच्या वर्णनात प्रकरणांच्या वेळा लिहिल्या. पहिली शून्य मिनिट शून्य सेकंदाची, नाहीतर यूट्यूब प्रकरणं दाखवतच नाही. एक्केचाळीस मिनिटांची अकरा झाली.

नागेंद्रनं सगळं मान्य केलं. फक्त पाटाखालच्या एका तुकड्याला त्यानं हात घातला. "हे आक्काचं तरी ऱ्हाऊ दे."

तुकडा असा होता: बाळाबाईला साखर झाली, टाचण्यांनी चिरलेली बोटं भरून येईनात, डॉक्टरनं दम भरला. तेव्हा नागेंद्रनं तिला टाचण्यांच्या काठीऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे आणि दोऱ्या बांधून दिल्या. त्यावर ती गेली सहा वर्षं विणत होती.

"आप्पा, रडवायचं आसंल तर येगळा व्हिडिओ करू. ह्याचा प्रश्न कुठला? कुठल्या प्रकरणात बसवू?"

भावाचं दुःख म्हणून त्यानं ते सांगितलं होतं. मुलीनं दुःख म्हणूनच वाचलं आणि विषयाबाहेर म्हणून ठेवलं. चिमट्यांनी ताणलेल्या काठाला भोकं पडत नाहीत, ही गोष्ट दोघांनाही रोजच्या पाण्यासारखी ठाऊक होती. म्हणून ती त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात आली नाही. तुकडा पाटाखाली गेला.

नवा व्हिडिओ नागेंद्रनं दोन वेळा चुकून तिसऱ्यांदा नीट वाचला. आठवड्यात चाळीस हजार लोकांनी बघितला, आणि गंमत म्हणजे शेवटपर्यंत बघितला, कारण वचन शेवटी पुरं होत होतं. शेवटी बाळाबाईचा नंबर होता. सांगली, पुणे, संकेश्वर, हुबळी. नऊ दिवसांत बाराच्या बारा साड्या गेल्या. बाळाबाईनं पेटी उपडी करून झटकली आणि नव्या ताण्याचं सूत सांगून ठेवलं. भावाला म्हणाली, "तुझ्या तोंडाला कवातरी फळ आलं रं बाबा." नागेंद्रनं जाकीट उन्हात घातलं.

पहिला फोन सांगलीचा. बाई सभ्य होत्या. "तुमच्याच व्हिडिओतली तिसरी खूण लावून बघितली. भोकं नाहीत."

नागेंद्र हसून सांगायला गेला आणि मध्येच थांबला. त्याच्या हातातल्या फोनमधनं बाईंचा आवाज येत राहिला. "पहिल्या दोन जुळतात, पण तुम्हीच म्हणालात ना, झाकता न येणारी खूण काठाचीच?"

तो म्हणाला तर होताच. ऋतिकाच्या जोडवाक्यांनी प्रत्येक खूण मागच्या खुणेपेक्षा पक्की करत नेली होती. लोकांनी शेवटचा शब्द तोच मानला, आणि तसा तो मानावा म्हणूनच तर वाक्यं लिहिली होती.

पुण्याच्या एकानं व्हिडिओखाली काठाचा फोटो टाकायला सोय नाही म्हणून वेळ लिहिली: 'आठ मिनिट चाळीसवर जा. याच माणसाची साडी याच माणसाच्या परीक्षेत नापास.' त्याला व्हिडिओपेक्षा जास्त अंगठे मिळाले. आठ मिनिट चाळीस ते साडेनऊ एवढाच तुकडा कापून व्हॉट्सॲपवर फिरला. प्रकरणं इतकी स्वच्छ पाडलेली, की कापणाऱ्याला कष्ट पडले नाहीत.

ऋतिकानं करता येईल ते केलं. त्याच व्हिडिओच्या जागी दुरुस्त केलेला व्हिडिओ घालता येत नाही. कापता येतं, भर घालता येत नाही. तिनं चिमट्यांची हकिकत लिहून प्रतिक्रियांच्या माथ्यावर टाचली. खाली उत्तर आलं: 'पकडल्यावर सुचली काय गोष्ट?' नवा व्हिडिओ केला, चिमट्यांचा. तो दोनशे जणांनी बघितला.

एकेक करून सहा साड्या परत आल्या. उरलेल्या सहा कुणी परत केल्या नाहीत, पण पुढं मागणीही आली नाही. बाळाबाईनं सहाही जणांचे पैसे परत पाठवले. भांडली नाही. मग स्वतःच त्या साड्या घेऊन शहापूरला व्यापाऱ्याकडं गेली. म्हणाली, "घे बाबा, तुझ्या जुन्या भावानं."

व्यापाऱ्यानं घडी न मोडता काठ उलटा केला. "आक्का, आता गिऱ्हाईक पयलं हितं बोट फिरवतंय. तुझ्या भावानंच शिकवलंय. भोकं न्हाईत, हातमागाची म्हणून मी कशी खपवू? यंत्रमागाच्या तर ढिगानं पडल्यात."

"तुला म्हाईत हाय न्हवं, माझ्या हातची हाय?"

"मला हाय. मी काय नेसणार हाय व्हय?"

घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. मग नागेंद्र हळूच म्हणाला, "आक्का, सुईनं पाडली तर?"

"काय?"

"भोकं. काठाला. जोडीजोडीनं."

"खऱ्या साडीला खोटी भोकं पाडून ती खरी म्हणून दावायची?"

"वीण तर तुझीच हाय."

"मग काठाला काय सांगू, नागू?" ती उठून आत गेली. नको म्हणाली नाही.

ऋतिकानं दोन बोटांचं अंतर धरून, जोडीजोडीनं, सहाही साड्यांच्या दोन्ही काठांना सुई मारली. चार दिवस लागले. काम सुबक झालं. ती कुठलंही काम सुबकच करायची. व्यापाऱ्यानं बोट फिरवलं, मान हलवली आणि साड्या ठेवून घेतल्या. हातमागाच्या भावानं.

ते पैसे नागेंद्रनं बाळाबाईपुढं ठेवले. तिनं त्यातनं सूतवाल्याची भरपाई भागवून सांगितलेलं सूत रद्द केलं आणि उरलेले त्याच्याच हातात दिले. गुरुवारी दोन गडी बोलावून माग उतरवला. त्यातली लाकडं शेजारच्या यंत्रमागवाल्यानं शेडच्या पडवीला लावायला नेली. आता ती सकाळी उठते, चहा घेते आणि दारात बसते. पायाखालची जमीन शेजाऱ्यांच्या मागानं हलते, आणि ती पाय उचलून पायरीवर घेते.

राहता राहिला हिशेब. नागेंद्रच्या चॅनेलला चौदा हजार माणसं मिळाली. संमेलनाचं बोलावणंही आलं, ताप आल्याचं सांगून तो गेला नाही. ऋतिकाच्या ऑफिसानं 'एक्केचाळीसचे अकरा' हे उदाहरण म्हणून नव्या पोरींना दाखवायला घेतलं आणि तिला बढती दिली. तिनं ती घेतली. पुण्याच्या माणसाला वाहवा मिळाली. व्यापाऱ्याला सहा साड्या मिळाल्या, आणि त्या त्यानं छातीठोकपणे खपवल्या. चाळीस हजारांना तीन खुणा कळल्या. त्यांतल्या दोन आणि अर्धी बरोबर आहेत. एवढ्या सगळ्यांच्या जमेसमोर खर्चाच्या बाजूला एकच नाव येतं, बाळाबाईचं.